इमिग्रेशनची रांग कोणती धरावी?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर मध्यरात्र ते पहाट हे तास फार गर्दीचे असतात. आखातातून, युरोपातून, आग्नेय आशियातून आलेली विमाने थोड्याथोड्या अंतराने टर्मिनल २ वर उतरतात. एका मोठ्या विमानातून तीनशेच्या आसपास माणसे बाहेर पडतात. अशी दोन-तीन विमाने लागोपाठ आली की इमिग्रेशनच्या दालनात पाऊल ठेवायला जागा उरत नाही. झोप अपुरी झालेली असते, खांद्याला पिशवी असते, कडेवर पेंगलेले मूल असते, आणि अशा अवस्थेत डोक्यावरचे फलक वाचून रांग निवडायची असते. बहुतेक जण फलक वाचतच नाहीत. पुढे चाललेल्या घोळक्यामागे जातात किंवा जी रांग आखूड दिसेल तिच्यात शिरतात.

त्या आखूड रांगेत अर्धा तास गेल्यावर कळते की ती ई-व्हिसावर आलेल्या परदेशी पाहुण्यांची होती. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

रांग नीट निवडायची तर काउंटरवर नेमके काय चालते, हे आधी समजून घेतले पाहिजे. अधिकारी पासपोर्ट हातात घेतो आणि फोटोच्या पानाचा तळ यंत्राखाली धरतो. तिथे इंग्रजी अक्षरे, आकडे आणि कोनदार खुणा यांनी भरलेल्या दोन ओळी असतात. प्रत्येक ओळीत बरोबर ४४ चिन्हे. पासपोर्ट क्रमांक, राष्ट्रीयत्व, जन्मतारीख, पासपोर्टची मुदत हे सगळे त्यांत असते, आणि जगातले कुठलेही यंत्र त्या वाचू शकते. तिकडे विमान कंपनीने प्रवाशांची यादी इमिग्रेशन खात्याकडे आधीच पाठवलेली असते. यंत्राने वाचलेली माहिती त्या यादीशी आणि खात्याच्या नोंदींशी ताडून पाहिली जाते. या माणसाविरुद्ध काही सूचना आहे का, पासपोर्ट हरवल्याची तक्रार आहे का, हे पडद्यावर येते. मग अधिकारी चेहरा फोटोशी जुळवतो, वाटल्यास एखादा प्रश्न विचारतो आणि शिक्का मारतो.

यातली बरीचशी तपासणी यंत्रच करते. प्रवाशाची पार्श्वभूमी आधीच तपासली आणि बोटांचे ठसे व चेहरा नोंदवून ठेवला, तर गेटपाशी उरते ते एवढेच: समोरचा माणूस तोच आहे ना, याची खात्री. स्वयंचलित गेटला जी काही सेकंदे लागतात ती एवढ्याच कामाला. बाकीचे काम काही आठवडे आधी, प्रवासी घरी असतानाच उरकलेले असते.

भारतात अशी सोय २२ जून २०२४ रोजी दिल्लीच्या टर्मिनल ३ वर सुरू झाली. तिचे नाव 'फास्ट ट्रॅक इमिग्रेशन – ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्रॅम', लघुरूप एफटीआय-टीटीपी. १६ जानेवारी २०२५ रोजी तीत मुंबई, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू, हैदराबाद, कोची आणि अहमदाबाद ही सात विमानतळे आली. त्याच वर्षी सप्टेंबरात लखनौ, तिरुवनंतपुरम, तिरुचिरापल्ली, कोझिकोडे आणि अमृतसर यांची भर पडून आकडा तेरावर गेला. या तेरांत महाराष्ट्रातले विमानतळ मुंबईचे एकच. पुणे, नागपूर किंवा गोव्याला थेट उतरणाऱ्यांना त्या टप्प्यात हे गेट मिळालेले नव्हते. मुंबईमार्गे ये-जा करणाऱ्या मराठी प्रवाशांना मात्र त्याचा उपयोग मोठा आहे, कारण गेट जाताना आणि येताना दोन्ही वेळा चालते.

ही सोय दोघांसाठी आहे: भारतीय पासपोर्टधारक आणि परदेशी पासपोर्ट असलेले ओसीआय कार्डधारक. म्हणजे नोकरीसाठी दुबईला असलेला सांगलीचा इंजिनिअर यात बसतो, आणि अमेरिकन नागरिकत्व घेतलेली पुण्याची मुलगीही, तिच्याकडे ओसीआय कार्ड असेल तर.

इथे एक गोंधळ हमखास होतो. फोनवर डिजियात्रा आहे म्हणजे इमिग्रेशनचे गेटही उघडेल, असे अनेकांना वाटते. डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेली डिजियात्रा देशांतर्गत प्रवासासाठी आहे. विमानतळाच्या दारातून आणि सुरक्षा तपासणीपर्यंत चेहरा दाखवून जाता यावे, एवढेच तिचे काम. इमिग्रेशनशी तिचा संबंध नाही. तिच्यातला चेहरा या गेटला ठाऊक नसतो आणि या गेटची नोंदणी तिथे चालत नाही.

नोंदणी ftittp.mha.gov.in या संकेतस्थळावर करायची असते. मोबाइल आणि ईमेलवर आलेले ओटीपी टाकून खाते उघडायचे, माहिती भरायची, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा अलीकडचा फोटो आणि पासपोर्टची पहिली व शेवटची पाने अपलोड करायची. ओसीआयधारकांनी कार्डाची प्रतही जोडायची. अर्ज करताना पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी लागते. सध्याचा पत्ता पासपोर्टवरच्या पत्त्याहून वेगळा असेल तर त्याचा पुरावा लागतो. मग ब्युरो ऑफ इमिग्रेशन पडताळणी करते आणि अर्ज मान्य झाला की बायोमेट्रिकसाठी बोलावणे येते. मूळ पासपोर्ट घेऊन एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयात, किंवा ठरवून दिलेल्या विमानतळावर जायचे. तिथे बोटांचे ठसे आणि चेहरा घेतला जातो. नोंदणी पाच वर्षे किंवा पासपोर्टची मुदत संपेपर्यंत, यांतले जे आधी येईल तोवर चालते.

अर्ज फेटाळले जातात ते बहुतेक वेळा साध्या कारणांनी. फोटोमागची भिंत पिवळसर असते, स्कॅन केलेल्या पानाचा तळ कापला गेलेला असतो, किंवा अर्जातले नाव पासपोर्टसारखे अक्षरशः जुळत नाही. पासपोर्टवर वडिलांचे नाव मधल्या नावात असेल आणि अर्जात ते गाळले असेल, तर यंत्राच्या दृष्टीने ही दोन माणसे. मराठी नावांत स्वतःचे, वडिलांचे किंवा नवऱ्याचे आणि आडनाव असे तीन भाग असतात, त्यामुळे ही चूक आपल्याकडे सहज होते. पासपोर्टवर 'गिव्हन नेम' आणि 'सरनेम' या दोन चौकटींत जे जसे लिहिलेले आहे, तसेच उतरवावे. विमानाच्या तिकिटावरही नाव तसेच असू द्यावे.

प्रवासाची तारीख जवळ आल्यावर अर्ज करून फायदा नाही. पडताळणी आणि ठशांची वेळ मिळणे, दोन्ही धरून काही आठवडे हाताशी ठेवावेत. दिवाळीत घरी येणाऱ्याने पावसाळ्यातच कागद भरलेले बरे.

आता प्रत्यक्ष गेट. एकापुढे एक दोन दारे असतात. पहिल्या दारापाशी पासपोर्ट उघडून काचेवर पालथा ठेवायचा. देशाबाहेर जाताना बोर्डिंग पासही स्कॅन करायचा असतो. माहिती जुळली की पहिले दार उघडते, माणूस आत जातो आणि दार मागे मिटते. दुसऱ्या दारापाशी कॅमेरा चेहरा पाहतो आणि बोटांचे ठसे ताडले जातात. जुळले की दुसरे दार उघडते आणि इमिग्रेशन पूर्ण होते. सगळे सुरळीत झाले तर अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ लागतो.

सुरळीत होत नाही तेव्हा बहुधा पहिल्याच दारापाशी अडते. पासपोर्टला चढवलेले प्लास्टिकचे किंवा चामड्याचे कव्हर हे पहिले कारण. कव्हरामुळे पान काचेला सपाट टेकत नाही आणि तळच्या दोन ओळी वाकड्या दिसतात. कव्हर रांगेत उभे असतानाच काढावे. पान धरताना अंगठा त्या ओळींवर येणे, हे दुसरे कारण. तिसरे म्हणजे पानावर पडलेली चीर किंवा डाग.

एका अक्षराने एवढा फरक का पडतो? त्या ओळींत प्रत्येक महत्त्वाच्या माहितीमागे एक तपासणीचा आकडा असतो. जन्मतारीख १५ ऑगस्ट १९६२ असेल तर ओळीत ६२०८१५ असे सहा आकडे येतात. त्यांना क्रमाने ७, ३, १, ७, ३, १ यांनी गुणायचे: ४२, ६, ०, ५६, ३ आणि ५. बेरीज ११२. तिचा शेवटचा आकडा २. जन्मतारखेनंतर ओळीत हा २ छापलेला असतो. यंत्राने डागामुळे ८ चा ३ वाचला, तर त्या जागी ५६ ऐवजी २१ येतात, बेरीज ७७ होते आणि शेवटचा आकडा २ ऐवजी ७ निघतो. वाचण्यात चूक झाली हे यंत्राला तिथल्या तिथे कळते. पासपोर्ट पुन्हा ठेवा, अशी सूचना येते ती बहुतेकदा यामुळे. अशा वेळी पान सपाट दाबून, बोट बाजूला घेऊन पुन्हा ठेवले की काम होते. दोन-तीनदा करूनही होत नसेल तर दोष पानात आहे, आणि पुढच्या प्रवासाआधी पासपोर्ट बदलून घेण्याचा विचार करावा.

दुसऱ्या दारापाशी अडथळा येतो तो बोटांमुळे. विमानातल्या कोरड्या हवेत काही तास बसल्यावर बोटांची कातडी सुकते आणि ठसा फिका उमटतो. उतरण्यापूर्वी हात धुऊन किंचित क्रीम लावून नीट पुसले, तर ठसा सुधारतो. ओला किंवा तेलकट हात मात्र उलटा परिणाम करतो. ज्यांच्या बोटांच्या रेषा वयाने किंवा कष्टाने झिजल्या आहेत, त्यांना हा त्रास जास्त. चेहऱ्याच्या बाबतीत टोपी, गॉगल आणि मास्क काढून कॅमेऱ्याकडे सरळ पाहावे. आणि गेटमध्ये एका वेळी एकच माणूस आत जावा. हात धरून दोघे शिरले की दार अडते.

गेटने नाकारले म्हणून घाबरायचे कारण नाही. तिथे मदतीला कर्मचारी असतात, ते काउंटरकडे पाठवतात आणि तिथे माणूस तेच काम हाताने करतो. नुकसान फक्त वेळेचे होते, ते मोजून धरावे.

एक उदाहरण घेऊ. समजा, नाशिकचे एक निवृत्त जोडपे न्यू जर्सीत राहणाऱ्या मुलाकडे उन्हाळा घालवून परत येते आहे. सोबत मुलगा, सून आणि चार वर्षांची नात. आजी-आजोबांचे पासपोर्ट भारतीय, आणि आजोबांनी एफटीआय-टीटीपीची नोंदणी करून ठेवली आहे. आजींची राहून गेली. मुलगा अमेरिकन नागरिक, त्याच्याकडे ओसीआय कार्ड. सुनेचा पासपोर्ट अजून भारतीय. नात जन्माने अमेरिकन, तिचेही ओसीआय कार्ड आहे.

पाचही जणांना एकत्र राहावेसे वाटणे साहजिक आहे. पण रांगेच्या हिशोबाने हे कुटुंब तीन तऱ्हांचे आहे. आजोबांना गेटमधून जाता येते. आजी आणि सून यांना भारतीय पासपोर्टची रांग. मुलगा आणि नात यांनी ओसीआयचा उल्लेख असलेला फलक शोधायचा. तो वेगळा नसेल तर आपण कोणत्या रांगेत जायचे, हे रांगेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला विचारायचे. चार वर्षांच्या मुलीला स्वयंचलित गेट नाही, तिला मोठ्या माणसासोबत काउंटरवरच जावे लागते.

आता आजोबांनी एकटे पुढे जावे का? सामानाचा पट्टा तसाही सुरू व्हायचा असेल तर त्यांचे वाचलेले वीस-पंचवीस मिनिट पट्ट्यापाशी उभे राहण्यातच जातील. पण पाच जणांच्या सात-आठ बॅगा असतील, तर एक माणूस आधी पोचून त्या उतरवून ट्रॉलीवर रचू शकतो. बाकीचे येईपर्यंत ग्रीन चॅनेलकडे निघायची तयारी झालेली असते. उलट आजींना गुडघ्यांमुळे उभे राहता येत नसेल, तर आजोबांनी त्यांच्यासोबत थांबणे किंवा आधीच व्हीलचेअरची मागणी नोंदवून ठेवणे हेच शहाणपणाचे. व्हीलचेअरसोबत येणारा कर्मचारी कोणत्या काउंटरवर जायचे ते जाणतो. ती विमान कंपनीकडे प्रवासाआधीच मागावी, उतरल्यावर मागितली तर बराच वेळ वाट पाहावी लागते.

या कुटुंबात खरा वेळ खाणारी गोष्ट वेगळीच असू शकते. मुलाने मागच्या वर्षी नवा अमेरिकन पासपोर्ट घेतला आणि त्याची माहिती ओसीआयच्या संकेतस्थळावर चढवायची राहिली, तर काउंटरवर दोन्ही कागदांतले क्रमांक जुळत नाहीत. मग प्रश्न, खुलासे, कधीकधी बाजूला उभे राहणे. लहान मुलांचे पासपोर्ट कमी मुदतीचे असतात, म्हणून नातीच्या बाबतीत ही शक्यता आणखी जास्त. नवा पासपोर्ट आला की त्याची प्रत आणि नवा फोटो तिथे अपलोड करणे, हे काम घरी बसून काही मिनिटांत होते.

ज्यांची नोंदणी नाही, त्यांना रांग निवडताना एक साधे गणित उपयोगी पडते. लांबी पाहू नये. पुढे किती माणसे आहेत, त्यांना किती काउंटर खुले आहेत आणि एकेका माणसाला किती वेळ लागतो, हे पाहावे. समजा, एका नागमोडी रांगेत १२० माणसे आहेत आणि ती दहा काउंटरांना वाटली जाते. दर माणशी दीड मिनिट धरले तर १२० भागिले १० म्हणजे १२, आणि १२ गुणिले दीड म्हणजे १८ मिनिटे. शेजारच्या रांगेत फक्त ४० माणसे दिसतात, पण तिच्यासाठी दोनच काउंटर आहेत आणि दर माणशी तीन मिनिटे लागतात. ४० भागिले २ म्हणजे २०, गुणिले ३ म्हणजे तब्बल ६० मिनिटे. डोळ्यांना जी एक तृतीयांश दिसते, तिला तिपटीहून जास्त वेळ लागतो.

काउंटरांची संख्या दिसते, दर माणशी लागणारा वेळ मात्र ओळखावा लागतो. ई-व्हिसावर येणाऱ्या परदेशी पाहुण्यांचे बोटांचे ठसे आणि फोटो काउंटरवर घेतले जातात, म्हणून ती रांग हळू सरकते. १ ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी प्रवाशांसाठी ऑनलाइन ई-अरायव्हल कार्ड आले आहे. घरी लग्नाला किंवा गणपतीला परदेशी मित्र येणार असेल, तर ते त्याने निघण्याआधी, आगमनापूर्वीच्या ७२ तासांत भरावे, असे त्याला कळवावे. भारतीय पासपोर्टधारकांना येताना असा कोणताही अर्ज भरावा लागत नाही.

सगळ्या काउंटरांना मिळून एकच नागमोडी रांग असेल तर निवडीचा प्रश्नच उरत नाही. एखाद्या काउंटरवर कोणाचे प्रकरण अडकले तरी बाकीचे चालू राहतात आणि पूर्ण रांग थांबत नाही. प्रत्येक काउंटरला वेगळी रांग असेल, तेव्हा मात्र एक अडकलेला माणूस मागच्या सगळ्यांना थांबवतो. अशा वेळी शेवटी नवे काउंटर उघडले तर सहज तिकडे वळता येईल, अशा कडेच्या रांगेला थोडा फायदा असतो.

रांग गाठण्याआधीचे काही निर्णयही हाताशी असतात. विमानातली पुढची जागा मिळाली तर दालनात आधी पोचता येते. तीनशे माणसांपैकी पहिल्या पन्नासात असणे आणि शेवटच्या पन्नासात असणे, यात इमिग्रेशनचा फरक मोठा पडतो, कारण मधली दोनशे माणसे आधी किंवा नंतर येतात. उतरल्यावर लगेच स्वच्छतागृहात जाणे किंवा फोन करत थांबणे, एवढ्याने ही आघाडी जाते. ज्याच्याकडे फक्त केबिन बॅग आहे, त्याला या घाईचा पुरा फायदा होतो. ज्याच्या चार बॅगा पट्ट्यावर येणार आहेत, त्याची रांग पाच मिनिटांत संपली तरी तो बाहेर बॅगांच्याच वेळेला पडणार.

परदेशात उतरताना गणित बदलते, कारण कोणत्या पासपोर्टला कोणते गेट, हे प्रत्येक देश आपापल्या परीने ठरवतो. सिंगापूरने मे २०२४ पासून आगमनाच्या स्वयंचलित लेन सगळ्या देशांच्या पाहुण्यांना खुल्या केल्या. तिथे भारतीय पासपोर्टधारकालाही आधी वेगळी नोंदणी करावी लागत नाही. व्हिसा मात्र लागतो, आणि 'एसजी अरायव्हल कार्ड' पोचण्याच्या दिवसासह तीन दिवसांच्या आत ऑनलाइन भरावे लागते. ते सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य असते, त्यासाठी पैसे मागणाऱ्या खासगी संकेतस्थळांकडे वळू नये. पासपोर्टवर शिक्का बसत नाही, राहण्याची परवानगी ईमेलवर येते. ती जपून ठेवावी, कारण कोणत्या तारखेपर्यंत राहता येते हे तिच्यातच लिहिलेले असते.

ब्रिटनमध्ये याच्या उलट. हीथ्रोची ई-गेट ब्रिटिश, युरोपीय संघ, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, सिंगापूर, दक्षिण कोरिया अशा ठरावीक देशांच्या पासपोर्टांसाठी आहेत. भारत त्या यादीत नाही. वर्षानुवर्षे लंडनमध्ये नोकरी करणारा, तिथला व्हिसा असलेला भारतीयही भारतीय पासपोर्टवर त्या गेटमध्ये गेला तर त्याला परत पाठवले जाते. त्याने सरळ काउंटरची रांग धरावी. नवा पासपोर्ट काढला असेल तर तो आपल्या ई-व्हिसाच्या खात्याशी जोडलेला आहे ना, हे निघण्याआधी पाहावे. काउंटरवरचा खोळंबा अनेकदा तिथेच होतो.

अमेरिकेला जाणाऱ्या भारतीयांना 'ग्लोबल एन्ट्री'चा मार्ग २०१७ पासून खुला आहे. शुल्क १२० डॉलर, मुदत पाच वर्षे, अर्जासोबत भारतातली पडताळणी आणि मुलाखत. वर्षातून अनेकदा जाणाऱ्याला ते परवडते, मुलाच्या पदवीदान समारंभासाठी एकदाच जाणाऱ्याला नाही. ग्रीन कार्डधारकांना 'मोबाइल पासपोर्ट कंट्रोल' हे मोफत ॲप वापरता येते. त्यात उतरल्यावर फोटो काढून माहिती पाठवायची आणि त्या नावाच्या वेगळ्या रांगेत जायचे. ग्रीन कार्ड असलेले अनेक मराठी प्रवासी याची माहिती नसल्याने मोठ्या रांगेत उभे राहतात. आणखी एक मार्ग अबुधाबीचा. तिथे अमेरिकन अधिकाऱ्यांची चौकी आहे. मुंबईहून अबुधाबीमार्गे गेल्यास अमेरिकेचे इमिग्रेशन तिथेच, विमानात बसण्याआधी होते. उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखे सरळ बाहेर पडता येते. त्यासाठी अबुधाबीत पुरेसा मधला वेळ मात्र हवा. दोन विमानांत फार कमी अंतर घेतले तर सुटकेऐवजी धावपळच पदरी येते.

युरोपच्या शेंगेन देशांत १२ ऑक्टोबर २०२५ पासून 'एन्ट्री-एक्झिट सिस्टीम' टप्प्याटप्प्याने लागू झाली. पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी प्रवेश आणि निर्गमनाची डिजिटल नोंद होते. भारतीयांचे बोटांचे ठसे व्हिसाच्या वेळीच घेतलेले असतात, म्हणून सीमेवर मुख्यतः चेहऱ्याचा फोटो घेतला जातो. पहिल्या भेटीत नोंद तयार व्हायची असल्याने जास्त वेळ लागतो. पॅरिस किंवा फ्रँकफर्टला उतरून पुढचे विमान पकडायचे असेल, तर मध्ये किमान दोन-अडीच तास ठेवावेत. शिक्का नसल्याने किती दिवस राहिलो याचा हिशोब स्वतः ठेवावा लागतो, त्यासाठी बोर्डिंग पास फेकू नयेत. अनिवासी भारतीयांना भारतातले दिवस आयकरासाठी मोजावे लागतात, त्यांनाही हेच लागू आहे.

भारतातल्या गेटची नोंदणी करून ठेवलेल्यांना शेवटची सूचना पासपोर्टच्या मुदतीबद्दल. ही नोंदणी विशिष्ट पासपोर्ट क्रमांकाशी बांधलेली असते. पासपोर्टचे नूतनीकरण झाले की क्रमांक बदलतो आणि जुनी नोंदणी नव्या पासपोर्टाला ओळखत नाही. गेटपाशी उभे राहिल्यावर हे कळले तर काउंटरच्या रांगेत शेवटून जावे लागते. म्हणून पासपोर्टची मुदत दीड-दोन वर्षांवर आली असेल, तर आधी नवा पासपोर्ट काढून मगच नोंदणीचा अर्ज भरावा. म्हणजे पाच वर्षांची पूर्ण मुदत मिळते आणि ठशांसाठी दुसऱ्यांदा खेटा घालावा लागत नाही.